शिवेचा दगड आणि टिपणातील आकडा

(भूमी अभिलेख खात्यातून सेवानिवृत्त झालेल्या एका भूकरमापकांनी माध्यमिक विद्यालयातील विद्यार्थ्यांपुढे केलेल्या भाषणाचा संक्षिप्त वृत्तांत.)

भाषणाच्या प्रारंभी वक्त्यांनी फळ्यावर गावाचा नकाशा टांगला आणि विद्यार्थ्यांना विचारले, "आपल्या गावाची शीव या नकाशात कुठे आहे?" एका मुलाने पुढे येऊन जाड रेघेवर बोट ठेवले. "बोटाखाली किती जमीन झाकली गेली, ते आधी पाहू," असे म्हणून त्यांनी हिशेब मांडला. जुन्या मुंबई इलाख्यातील गावनकाशे सामान्यतः 1 इंचास 660 फूट या प्रमाणात काढलेले आहेत. म्हणजे नकाशावरील एक मिलिमीटर हा जमिनीवरील सुमारे 26 फूट होतो. नुसती पेन्सिलीची रेघच अर्धा मिलिमीटर जाडीची धरली, तरी तिच्याखाली 13 फूट जमीन जाते. त्यातून कागद पावसाळ्यात फुगतो आणि उन्हाळ्यात आकसतो. 20 इंच लांबीचा नकाशा शेकडा एक इतका जरी आकसला, तरी 132 फुटांचा फरक पडतो.

नकाशावर पट्टी ठेवून शिवेचा हरवलेला दगड शोधता येत नाही, हे त्यांचे पहिले प्रतिपादन होते. नकाशा शिवेचा आकार दाखवतो, ती कोणत्या बाजूस वळते आणि कोणत्या सर्व्हे नंबराला लागून जाते, ते सांगतो. अंतर मात्र टिपणातून घ्यावे लागते. मोजणीच्या वेळी जागेवर साखळीने मोजलेले आकडे ज्या कागदावर मांडलेले असतात, त्याला टिपण म्हणतात. कागद आकसला तरी त्यावर लिहिलेला आकडा आकसत नाही.

साखळीविषयी बोलताना वक्ते विशेष रंगले. 1836 च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूर तालुक्यात ज्या मोजणीचा पाया घातला, तिची साखळी 33 फुटांची होती. तिचे सोळा भाग असून प्रत्येक भागास आणा म्हणत. 33 फूट लांब व 33 फूट रुंद चौरस म्हणजे एक गुंठा, आणि अशा 40 गुंठ्यांचा एक एकर. शंकूच्या साहाय्याने काटकोन साधून मुख्य रेषेपासून बांधाच्या प्रत्येक वळणापर्यंत लंब मोजायचा, अशी ती शंकू-साखळी पद्धत होती.

पुढे त्यांनी एक उदाहरण सोडवून दाखवले. तीन गावांच्या शिवा जेथे मिळतात, तेथील दगड नांगरटीत नाहीसा झाला आहे. जवळच एक विहीर आहे आणि ती आपल्याच हद्दीत असल्याचे दोन गावे सांगतात. शिवेवर पूर्वेचा व पश्चिमेचा असे दोन जुने दगड शाबूत आहेत. टिपणात या दोन दगडांमधील अंतर 15 साखळ्या म्हणजे 495 फूट आहे. हरवलेला दगड पश्चिमेच्या दगडापासून 12 साखळ्या म्हणजे 396 फूट आणि पूर्वेच्या दगडापासून 9 साखळ्या म्हणजे 297 फूट दूर होता. दोन्ही दगडांपासून तेवढ्या अंतराने दोरी फिरवली की दोन कंस एकमेकांस छेदतात. छेदनबिंदू दोन मिळतात, एक उत्तरेस व एक दक्षिणेस. त्यांपैकी खरा कोणता, हे मात्र नकाशा सांगतो. हे गणित नववीच्या मुलांना सहज समजले.

"पण दोरी फिरवण्यापूर्वी एक काम राहिले," असे म्हणून वक्ते थांबले. जे दोन दगड आधाराला घ्यायचे, ते स्वतः जागेवर आहेत का, हे कोणी तपासले? म्हणून प्रथम त्या दोहोंमधील अंतर पोलादी फितीने मोजायचे. समजा, ते 495 ऐवजी 500 फूट भरले. एका विद्यार्थ्याने तत्काळ उत्तर दिले की, दगड पाच फूट सरकवलेला आहे. वक्त्यांच्या मते ही घाई नेहमीच होते आणि गावातील अर्ध्या तक्रारी येथूनच सुरू होतात.

अशा वेळी त्या परिसरातील आणखी जुने दगड शोधून त्यांची अंतरे मोजावी लागतात. टिपणात 6 साखळ्या, म्हणजे 198 फूट असलेले अंतर प्रत्यक्षात 200 फूट भरले आणि 21 साखळ्या, म्हणजे 693 फूट असलेले अंतर 700 फूट भरले, तर दगडांवर संशय घेण्याचे कारण उरत नाही. सर्व अंतरे एकाच प्रमाणात, दर साखळीमागे चार इंचांनी, वाढलेली आहेत. वापरामुळे त्या वेळच्या साखळीच्या कड्या ताणल्या जाऊन ती 33 फूट 4 इंच झालेली होती. लांब साखळीने मोजले की आकडा कमी येतो. याउलट बाकीची अंतरे टिपणाबरहुकूम भरली आणि एकाच दगडाला जोडणारी तेवढी चुकली, तर मात्र तो दगड हललेला आहे.

आता हरवलेला दगड 396 व 297 फुटांवर न शोधता 400 व 300 फुटांवर शोधायचा. टिपणातील आकडे जसेच्या तसे वापरले असते, तर नवा दगड मूळ जागेपासून सुमारे पाच फूट आत बसला असता. विहिरीचा काठ तेवढ्याच अंतरावर असेल, तर ती एका गावातून दुसऱ्या गावात गेली असती! जागा निश्चित झाल्यावर तेथे खणून पाहावे, असे वक्त्यांनी सांगितले. वरचा भाग तुटलेला असला, तरी जुन्या दगडाचा बुंधा पुष्कळदा जमिनीत सापडतो. शिवेखाली कोळसा, राख, खापरे पुरून गुप्त खुणा ठेवण्याचा उल्लेख मनुस्मृतीतही आहे. कोळसा कुजत नाही, हे त्यामागील साधे कारण. उलट अलीकडे रोवलेल्या दगडाभोवतीची माती भुसभुशीत असते.

एका विद्यार्थिनीने विचारले की, शीव नाल्यातून जात असेल आणि पुरात नाल्याने पात्र बदलले तर? वक्त्यांनी उत्तर दिले की, नाला सरकला म्हणून मोजणीदाराला आपल्या अधिकारात शीव सरकवता येत नाही. त्याने अभिलेखातील रेषा जागेवर दाखवायची. गावाची हद्दच बदलायची असेल, तर तो शासनाचा अधिकार आहे आणि त्यासाठी अधिसूचना लागते.

दोन शेजारच्या गावांचे नकाशे जोडले असता मध्ये फट राहते किंवा एकावर दुसरा चढतो, हे काही शिक्षकांनी निदर्शनास आणून दिले. दोन्ही गावांची मोजणी स्वतंत्रपणे व निरनिराळ्या साखळ्यांनी झालेली असल्यास असे घडते, असे वक्ते म्हणाले. ती फट कोणाची पडीक जमीन नव्हे. दोन्ही बाजूंच्या सर्व्हे नंबरांची टिपणे समोर ठेवून, जागेवरील दगडांशी ताडून एकच रेषा ठरवावी लागते. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, 1966 मध्ये गावांच्या हद्दी ठरवण्याची रीत दिलेली आहे. लगतच्या गावांचे अधिकारी व मंडळी एखाद्या रेषेवर सहमत असतील, तर मोजणी अधिकारी त्यांच्याकडून तसा करार लिहून घेतो आणि त्याप्रमाणे खुणा करतो.

उपग्रहांच्या साहाय्याने जागा दाखवणारी यंत्रे आल्यावर या दगडांची गरज संपली का, असा शेवटचा प्रश्न आला. यंत्र आपण उभे आहोत ती जागा काही सेंटिमीटरपर्यंत अचूक सांगते, पण शीव तेथून जाते की नाही, हे त्याला ठाऊक नसते, असे वक्त्यांनी स्पष्ट केले. त्यासाठी जुने शाबूत दगड यंत्राने मोजून टिपणातील आकड्यांशी त्यांचा मेळ घालावा लागतो. गावात असे चार-पाच दगड विखुरलेले सापडले, तर काम सुकर होते. एकच सापडला, तर त्याला ताडून पाहण्यास दुसरे काहीच उरत नाही.