उंबरठ्यावरचे स्वागत आणि पहिले आठ दिवस



आपल्या जिल्ह्यातले जांब हे समर्थ रामदासांचे जन्मगाव. मंगलाष्टकांतील ‘सावधान’ हा शब्द कानी पडताच नवरदेव मांडवातून निघून गेला, ही कथा आपण सर्वजण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. नवरदेवाचे पुढे काय झाले, हे साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. पण सासरच्या उंबरठ्यावर भरून ठेवलेल्या मापाचे काय झाले असेल, हे कोणी विचारीत नाही. मला आज बोलायचे आहे ते त्या मापाविषयी, आणि ते ओलांडून आत आलेल्या मुलीच्या पहिल्या आठ दिवसांविषयी. विषय घरगुती आहे. पण आपण रोज जे करतो त्याचा अर्थ कधी तरी बसून पाहावा, म्हणून तो मी निवडला.

आमच्याकडे खेड्यात वरात आली की ती आधी मारुतीच्या देवळाशी थांबते. तेथे जोडप्याने नारळ ठेवायचा, नमस्कार करायचा आणि मग घराकडे निघायचे. दारात घरची एखादी वडीलधारी बाई भाकरीचा तुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन उभी असते. तुकडा दोघांवरून ओवाळून बाजूला टाकायचा, म्हणजे वाटेतली दृष्ट वाटेतच राहिली. मग पायांवर पाणी घालायचे, कुंकू लावायचे, निरांजनाने ओवाळायचे. उंबरठ्यावर धान्याचे माप भरून ठेवलेले असते. कोणाकडे तांदूळ, कोणाकडे गहू. नवरीने उजव्या पायाच्या अंगठ्याने ते हलकेच आत लवंडायचे आणि आत यायचे. माप लाथाडायचे नाही. धान्य घरात सांडले पाहिजे, माप गडगडत गेले नाही पाहिजे. ज्या मुलीला हे आधी कोणी सांगितलेले नसते, ती घाबरून जोरात पाय मारते, आणि मग तिचा तो एक पाय बायका वर्षभर बोलून दाखवितात. चूक मात्र तिची नसते. न सांगणाऱ्यांची असते.

माप लवंडण्याच्या आधी आणखी एक गोष्ट होते. नवऱ्या मुलाची बहीण दार अडवून उभी राहते. “तुझी मुलगी माझ्या मुलाला देशील, तरच आत येऊ देईन,” असे ती म्हणते. सगळे हसतात. नवरी लाजून “देईन” म्हणते, भाऊ बहिणीच्या हातावर ओवाळणी ठेवतो, आणि वाट मोकळी होते. आपल्याला ही थट्टा वाटते. पण जरा हिशेब करून पाहा. या नवरीला पुढे मुलगी झाली आणि ती नणंदेच्या घरी दिली, तर त्या मुलीची सासू कोण? तिची सख्खी आत्या. आणि त्या आत्याच्या नवऱ्याला आपण मराठीत काय म्हणतो? मामा. आता आठवा, आपल्याकडे कित्येक घरांत सुना सासूला काय हाक मारतात? आत्या, आत्याबाई. सासऱ्याला? मामा, मामंजी. दारात मागितलेले वचन आणि घरात मारायची हाक या एकाच साखळीच्या दोन कड्या आहेत.

मामाची मुलगी करण्याची ही चाल महाराष्ट्रात किती रुजलेली होती, हे इरावती कर्वे यांनी १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतातील नातेसंबंधांवरील आपल्या ग्रंथात मांडले आहे. आज जवळच्या नात्यातली लग्ने पुष्कळ घरे टाळतात, आणि वैद्यकशास्त्राकडे पाहता ते योग्यच आहे. चाल मागे पडली, पण हाक राहिली. ती का राहिली असावी, याविषयी माझी समजूत अशी : परक्या घरी आलेल्या मुलीला ही हाक सांगते की, तू परक्याकडे आलेली नाहीस, आत्याच्या घरी आली आहेस. सासू हा शब्द ऐकताच मुलगी बिचकते. आत्या म्हटले की तिला आपल्या वडिलांची बहीण आठवते. आणि ज्या बाईला ‘आत्या’ अशी हाक कोणी मारली, तिच्यावरही त्या हाकेचे देणे चढते. माझे सारे म्हणणे या देण्याविषयी आहे.

आता आत आल्यावरचे नमस्कार. आधी देवाला, मग सासू-सासऱ्यांना, मग घरातल्या वडीलधाऱ्यांना क्रमाने. पहिला नमस्कार जोडीने करायचा. एकटीने वाकायचे ते दुसऱ्या दिवसापासून. जावांमध्ये मान वयाचा नसतो, दिराच्या थोरलेपणाचा असतो. थोरल्या दिराची बायको वयाने दोन वर्षांनी लहान असली तरी तिच्या पाया पडायचे. जेवत असलेल्याला, पूजेला बसलेल्याला नमस्कार करायचा नाही, थांबायचे. निजलेल्या माणसाच्या पायाला हात लावायचा नाही. आजेसासरे खाटेवर असतील तर त्यांना आधी उठून बसू द्यायचे. सर्वांचीच रीत एक नाही, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. बौद्ध घरांत नवी सून वडीलधाऱ्यांना ‘जयभीम’ म्हणते, मुसलमान घरांत सलाम करते, आणि जालना शहरातल्या मारवाडी कुटुंबांत ती पगे लागते, म्हणजे मोठ्या बायकांचे पाय हाताने दाबून नमस्कार करते. रीत निराळी असली तरी अडचण सर्व ठिकाणी एकच असते : समोरचे माणूस कोण, हे त्या मुलीला माहीत नसते.

मी माझीच फजिती सांगते. लग्नानंतर दुसऱ्या दिवशी मला ओळीने पाया पडायला सांगितले. डोक्यावरचा पदर कपाळाखाली आलेला. मला माणसे दिसत नव्हती, नुसती पावले दिसत होती. भेगाळलेली, जोडव्यांची, वहाणांचे वळ उठलेली. मी एकेका पावलापुढे वाकत चालले. शेवटी एक पावले दिसली, तेथेही वाकले, आणि खोलीभर हशा पिकला. ती बांगड्या भरायला आलेली कासारीण होती! मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. आजेसासूबाई मात्र कोपऱ्यातून म्हणाल्या, “हसता कशाला? तिनं तिचे हात भरले, पाया पडली तर काय बिघडलं?” कासारणीनेही माझ्या पाठीवरून हात फिरविला. त्या दिवशी मला घरात पहिले माणूस मिळाले ते आजेसासूबाईंचे.

हा प्रसंग टाळणे अवघड नव्हते. घरातल्या एका माणसाने, धाकट्या नणंदेने किंवा एखाद्या दहा वर्षांच्या चुणचुणीत पोराने, नवरीच्या शेजारी उभे राहून मोठ्याने सांगत जावे : या थोरल्या काकू, हे चुलत आजोबा, या शेजारच्या, यांना नुसते हात जोडले तरी चालतील. आणि नाते सांगताना हाकही सांगावी. पुतण्यांनी ‘अक्का’ म्हणावे अशी बाई घरात असली, तर सुनेने काय म्हणायचे, हे तिने ओळखायचे कसे? एका दिवसात चाळीस माणसे दाखवून ती लक्षात राहत नाहीत. पहिल्या दिवशी चुलीभोवतीची माणसे, मग भाऊबंद, मग गाव, असा क्रम ठेवला म्हणजे आठ दिवस पुरतात. चौथ्या दिवशी सुनेने पुन्हा “या कोण?” असे विचारले तर तो अपमान समजू नये. न विचारता चुकीची हाक मारली गेली, तर ती मात्र दोघींनाही सलते.

आता ज्यासाठी मी हे सारे सांगत आले, ती हकीकत. आमच्याच नात्यातल्या, दुधना नदीकाठच्या एका घरातली. मुलाचे वडील वारलेले, आईने शेती सांभाळून त्याला वाढविले. लग्नाची खरेदी तिने केली, माप तिने भरून ठेवले. पण वरात दारात येताच ती मागच्या खोलीत जाऊन बसली. विधवेने पुढे यायचे नाही, हे तिला कोणी सांगावे लागले नाही. चुलत सासूने ओवाळले, भाकरतुकडा टाकला. मुलगी आत आली, देवापुढे वाकली आणि उभी राहिली. चुलत सासू पुढे झाल्या, पण मुलगी वाकेना. बायकांना वाटले, शिकलेली आहे, ताठा असेल. मुलीने हळूच शेजारच्या नणंदेला विचारले, “आत्याबाई कुठे आहेत?” तिला आईने शिकवून पाठविले होते : देवानंतर पहिला नमस्कार सासूला, तिच्या आधी कोणालाही नाही.

पाहा, यात तिने कसलेही बंड केले नाही. तिला शिकविलेली रीत ती पाळीत होती. पण त्या रीतीपुढे दुसऱ्या रीतीला उत्तर सापडेना. दोघी-तिघी म्हणाल्या, उद्या पड पाया. चुलत सासूच मागे सरल्या आणि स्वतः आत जाऊन जावेला हाताला धरून घेऊन आल्या. जोडी वाकली. ती माउली काही बोलेना. सुनेला द्यायचा म्हणून जो आशीर्वाद आपल्याकडे ठरलेला आहे, ‘अखंड सौभाग्यवती भव’, तो तिच्या तोंडून कसा यावा? थोड्या वेळाने ती म्हणाली, “सुखानं राहा गं माय.” मला विचाराल तर याहून चांगला आशीर्वाद मी ऐकला नाही. ठरलेला आशीर्वाद नवऱ्याच्या आयुष्यासाठी असतो. हा त्या मुलीसाठी होता. पुढे त्याच घरात धाकट्या मुलाचे लग्न झाले, तेव्हा दारात निरांजन तिच्या हाती होते, आणि थोरली सून तिच्या शेजारी उभी होती.

कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड गावाच्या ग्रामसभेने मे २०२२ मध्ये ठराव करून, नवरा वारल्यावर बाईच्या बांगड्या फोडण्याची, कुंकू पुसण्याची चाल बंद केली. इतर ग्रामपंचायतींनीही तसे करावे, असे परिपत्रक राज्य शासनाने त्याच महिन्यात काढले. ठराव झाला ही मोठी गोष्ट आहे. पण निरांजन कोणाच्या हाती द्यायचे, हे ग्रामसभेत ठरत नाही; ते दारात, वाजंत्री वाजत असताना, दोन मिनिटांत ठरते. म्हणून ते वरात निघण्यापूर्वीच घरात बसून ठरवून टाकावे. ऐन वेळी नव्या सुनेवर ते ओझे टाकू नये.

आपण सुनेला कसे वाकायचे ते शिकवितो. वाकलेल्या सुनेला काय म्हणायचे, हे आपल्याला कोणी शिकविलेले नाही. तिच्या डोक्यावर हात ठेवून निदान तिचे नाव घ्यावे. कित्येक घरांत ताटातल्या तांदळांवर अंगठीने नवे नाव लिहिले जाते. ते ठेवलेच पाहिजे असा कायदा नाही. ठेवायचे असेल तर आधी तिला विचारावे. आणि ठेवलेच, तर पहिल्या आठवड्यात दोन्ही नावांनी हाक मारावी. तिच्या कानाला अजून माहेरचेच नाव ओळखीचे असते. “ओ देत नाही, घुमी आहे,” असा जो शिक्का बसतो, तो पुष्कळदा एवढ्याशा कारणाने बसलेला असतो.

या वैशाखात आपल्यापैकी कित्येकांच्या घरी माप भरले जाईल. ते भरताना मी सांगितलेल्या त्या दोन बायकांची आठवण ठेवा : एक मागच्या खोलीत बसलेली, आणि दुसरी तिला विचारीत उभी राहिलेली.