पाऊस राहुरीचा, पाणी हरिश्चंद्रगडाचं

2023 चा ऑगस्ट आठवतोय? 1901 पासूनचा देशातला सगळ्यात कोरडा ऑगस्ट. पाऊस हुकला, हा झाला हवामानशास्त्रीय दुष्काळ. मग दोन-तीन आठवड्यांत मुळांजवळची ओल संपते, दुपारी सोयाबीन मान टाकतं. हा कृषी दुष्काळ. तो एक ते तीन महिन्यांच्या एसपीआयमध्ये, म्हणजे पावसाच्या निर्देशांकात दिसतो. उणे एकच्या खाली गेला की तूट मोठी. विहिरी, धरणं उशिरा आटतात. तिथे बारा महिन्यांचा एसपीआय बघायचा.

पण कुठला? मुळा धरण राहुरीत असलं तरी भरतं अकोले तालुक्यातल्या, हरिश्चंद्रगडाकडच्या पावसानं. त्यामुळे राहुरीचा आकडा बघून धरणाचा अंदाज बांधाल, तर फसाल. शिवार करपलेलं आणि धरण भरलेलं, असंही होतं. अर्थात, कालवा पोचत नाही त्याला त्याचं काय!