गल्ल्यावरची मोड



आम्ही चौघे मिळून गावातलं सहकारी किराणा दुकान चालवतो. गल्ल्यावर रोज एक अडचण येते. बिल होतं, माणूस नोट काढतो, पण परत द्यायला सुटे पैसे नसतात. मग कुणी म्हणतं, "राहू द्या." कुणी म्हणतं, "माझा रुपया द्या." या रुपया-दोन रुपयांवरून गावात मनं दुखावतात. म्हणून आज आपण मोडीचा हिशेब नीट समजून घेऊ.

आधी पैशांचं पाहू. चार आण्याचं, म्हणजे 25 पैशांचं नाणं 30 जून 2011 नंतर व्यवहारातून बंद झालं. त्याहून लहान नाणीही बंद झाली. आता 50 पैशांचं नाणं तेवढं कायद्यानं चालतं, पण ते हाताला क्वचितच लागतं. तराजू मात्र पैसे मोजायचं सोडत नाही. साडेतीनशे ग्रॅम शेंगदाणे घेतले की किमतीत पैसे येतातच. मग बिल पुऱ्या रुपयावर आणावं लागतं. रीत सोपी आहे. पन्नास पैशांहून कमी असेल तर सोडून द्यायचं. पन्नास किंवा जास्त असेल तर पुढचा रुपया धरायचा.

पण हे कुठं करायचं? इथंच खरी मेख आहे. एक बिल मांडून पाहू.

शेंगदाणे 350 ग्रॅम, 45 रुपये 50 पैसे.
गूळ 650 ग्रॅम, 35 रुपये 75 पैसे.
तूरडाळ 750 ग्रॅम, 112 रुपये 50 पैसे.
मसूर 450 ग्रॅम, 40 रुपये 50 पैसे.

आता एकेका जिनसाला पुढचा रुपया धरा. 46, 36, 113 आणि 41. बेरीज झाली 236 रुपये. तेच पैसे तसेच ठेवून बेरीज करा. ती होते 234 रुपये 25 पैसे. शेवटी एकदाच पुरा रुपया केला, तर 234 रुपये. माल तोच, माप तेच, पण दोन रुपयांचा फरक पडला. म्हणून लक्षात ठेवा, पैसे जिनसाजिनसाला मोडायचे नाहीत. बेरीज झाल्यावर एकदाच मोडायचे. बिल हातात आलं की जिनसांच्या ओळी पाहा. सगळ्याच ओळींत पुरे रुपये दिसले आणि माल सुटा असला, तर विचारायला हरकत नाही.

आता रुपयांचं पाहू. बिल झालं 234. गिऱ्हाइकानं 240 दिले. सहा रुपये परत द्यायचे. पाचाचं नाणं आहे, एकाचं नाही. दुकानदार म्हणतो, "235 धरू का?" यात गैर काय? एका बिलात फार नाही. पण नेहमी वरच धरलं तर काय होतं ते मोजू.

समजा पाच गिऱ्हाइकं आली. त्यांची बिलं 230, 231, 232, 233 आणि 234. प्रत्येकाला वरच्या पाचावर नेलं, तर पहिल्याकडून काही नाही, मग 4, 3, 2 आणि 1 रुपया जास्त आला. पाच बिलांत दहा रुपये. म्हणजे बिलामागे दोन रुपये. दिवसाला अशी शंभर बिलं झाली, तर दोनशे रुपये लोकांच्या खिशातून उगाच गेले.

आता जवळच्या पाचावर आणू. 231 आणि 232 ची 230 झाली. दुकानाचे तीन रुपये गेले. 233 आणि 234 ची 235 झाली. दुकानाला तीन रुपये आले. गेले तेवढे आले. कुणी लुबाडलं नाही, कुणी लुबाडलं गेलं नाही. कॅनडा देशात 2013 साली एक सेंटचं नाणं वाटणं थांबवलं, तेव्हा हीच रीत घेतली. बेरीज जवळच्या पाच सेंटांवर आणायची, तीही रोख पैसे देणाऱ्यापुरतीच.

आमच्याकडेही मोबाइलवरून पैसे देणारा बरोबर 234 च देतो. त्याला मोडीची गरज नाही, मग त्याचं बिल वाढवायचं कशाला?

या रीतीला एक कुंपण आहे. पुड्यावर छापील किंमत असते. तिच्याहून जास्त घ्यायला कायद्याची मनाई आहे. कुणी 18 रुपयांचा एकच पुडा घेतला, तर जवळचे पाच म्हणून 20 घेता येत नाहीत. तिथं दोन रुपये परत द्यायचे, नाहीतर चिठ्ठीवर लिहून द्यायचे. चिठ्ठीवर तारीख, रक्कम आणि सही हवी. पुढच्या खेपेला ती रक्कम बिलातून वजा करायची.

गिऱ्हाइकं यावर काय म्हणतात? ज्याचे दोन रुपये वाचतात, तो बोलत नाही, पिशवी उचलतो नि जातो. ज्याचा एक रुपया जास्त जातो, तो मात्र थांबतो. माणसाचा स्वभावच आहे. मिळालेलं विसरतो, गेलेलं आठवतं. म्हणून हिशेब समान असला, तरी गिऱ्हाइकाला दुकान जास्तच घेतं असं वाटू शकतं. एक म्हातारी मावशी आम्हाला म्हणाल्या, "रुपया गेला त्याचं काही नाही रे बाबा. मला न विचारता घेतलास, ते लागलं." मोडीवरची बरीच भांडणं अशीच असतात.

काही दुकानांत रुपयाऐवजी गोळी हातावर ठेवतात. त्यावर एका पोरानं विचारलं होतं, "उद्या मी दोन गोळ्या आणल्या, तर त्या घेऊन मला काडेपेटी द्याल का?" उत्तर कुणाजवळच नव्हतं. गोळी म्हणजे पैसा नव्हे. नको असेल तर नको म्हणावं.

म्हणून आमच्या गल्ल्यावर तीन गोष्टी ठरल्या आहेत. नियम मोठ्या अक्षरांत पाटीवर लिहिला आहे. पैसे हातात घेण्याआधी विचारायचं, "मावशी, मोड नाही, 235 धरू की रुपया चिठ्ठीवर लिहू?" आणि बिलाच्या शेवटी वेगळी ओळ लिहायची, "मोडीपायी जास्त 1 रुपया" किंवा "कमी 2 रुपये".

रात्री वहीत दोन रकाने मांडतो. एकात जास्त आलेले, दुसऱ्यात सोडलेले. एखाद्या दिवशी फरक पडतो, त्यात काही नाही. पण महिनाभर जास्तचाच रकाना फुगत राहिला, तर रीत पाळली जात नाही असं समजायचं. तुम्हीही हे करून पाहा. दहा बिलं जपून ठेवा आणि शेवटच्या ओळी वाचा. दहाही वेळा "जास्त"च असेल, तर दुकानदाराला ती बिलं दाखवा.

आता मोड येणार कुठून? ती आपल्याच घरात डब्यात पडलेली असते. दहाचं नाणं खोटं आहे अशा अफवेनं ते कुणी घेईना. रिझर्व्ह बँकेनं 2018 साली सांगितलं, की दहाच्या नाण्याचे चौदा नमुने निघाले आहेत आणि सगळे खरे आहेत. रुपया आणि त्यावरची नाणी एका वेळी हजार रुपयांपर्यंत देता येतात. बाजाराला येताना ती पिशवीत टाका. तुम्ही दिलेला रुपया त्याच दिवशी दुसऱ्या कुणाची तरी मोड होतो.