करनिवासाची स्वयंघोषणा आणि परदेशातील पत्ता

समजा, जावळी तालुक्यातील मेढा येथील एक परिचारिका १५ ऑक्टोबर २०२५ रोजी इंग्लंडातील लीड्स येथे नोकरीसाठी रवाना झाली. जानेवारी २०२६ मध्ये तिने मेढ्यातील बचत खाते अनिवासी खात्यात बदलण्यासाठी अर्ज मागविला. वडील तो अर्ज घेऊन शाळेच्या गुरुजींकडे आले. मुलगी भारतीय नागरिक असल्याने करनिवासाच्या रकान्यात फक्त ‘भारत’ लिहावे, असे दोघांनाही वाटले.

नेमकी चूक येथेच होते. नागरिकत्व आणि करनिवास या दोन भिन्न गोष्टी होत. (अमेरिका मात्र आपल्या नागरिकांना, ते कोठेही राहोत, करदातेच मानते.) नोकरीसाठी देश सोडणाऱ्याने त्या आर्थिक वर्षात १८२ दिवस किंवा अधिक भारतात वास्तव्य केले असेल, तर त्या वर्षापुरता तो करासाठी येथील निवासी ठरतो. १ एप्रिल ते १५ ऑक्टोबर हे १९८ दिवस होतात. म्हणजे २०२५-२६ साठी ही परिचारिका भारताची निवासी आहे. शिवाय ब्रिटनच्या नियमांनुसार ती तेथेही निवासी ठरत असेल, तर दोन्ही देश नमूद करावे लागतात. त्यासाठीच अर्जात एकाहून अधिक ओळी असतात. तीच १० सप्टेंबरला गेली असती, तर दिवस १६३ भरले असते आणि भारताची ओळ लिहावी लागली नसती.

भारताच्या ओळीत पॅन क्रमांक येतो. ब्रिटनच्या ओळीत मात्र पुष्कळदा पारपत्राचा किंवा व्हिसाचा क्रमांक लिहिला जातो, तो चालत नाही. तेथे नॅशनल इन्शुरन्स क्रमांक हवा. दोन अक्षरे, सहा अंक व शेवटी एक अक्षर, अशी त्याची ठेवण असते.

आता संपर्काचे रकाने. दूरध्वनी क्रमांकाआधी +44 लिहून स्थानिक क्रमांकातील आरंभीचे शून्य गाळावे. तेथील पोस्टकोडमध्ये अक्षरेही असतात. तो सहा अंकी पिनकोडच्या चौकटीत कोंबू नये.

हे रकाने आणि घोषणा बँक ताडून पाहते. २०१५ मध्ये आयकर नियमांत आलेल्या ११४फ ते ११४ह या नियमांनी तिच्यावर ते बंधन घातले आहे. पत्ता लीड्सचा आणि करनिवास केवळ भारताचा, अशी विसंगती दिसताच बँक खुलासा व पुरावा मागते. केवळ परदेशी दूरध्वनी असणे हीसुद्धा खूण मानली जाते. वडिलांचा भारतीय क्रमांकही नोंदलेला असल्यास ती खूण उरत नाही. परदेशी पत्त्याची खूण मात्र कायम राहते. ती टाळण्यासाठी मेढ्याचाच पत्ता ठेवणे हा मार्ग नव्हे, कारण स्वाक्षरी करणारी व्यक्ती घोषणेच्या सत्यतेला जबाबदार असते. या कारणास्तव वडिलांनी किंवा गुरुजींनी तिच्या वतीने सही करू नये.

माहिती दिल्याने नवा कर लागत नाही. बँक ती आयकर विभागाला कळविते आणि तेथून ती ब्रिटनच्या कर खात्याकडे जाते. घोषणा न दिल्यास मात्र व्यवहार अडू शकतात. २०१४-१५ मध्ये उघडलेल्या काही खात्यांसाठी ३० एप्रिल २०१७ ही मुदत ठरवून तसा इशारा देण्यात आला होता.

परिचारिका पुढेही लीड्सलाच राहिली, तर एप्रिल २०२६ पासूनच्या वर्षात भारताची ओळ गळते. तेव्हा बदल कळविणारी नवी घोषणा तिला द्यावी लागेल. ती किती दिवसांत द्यावयाची, हे अर्जावरील प्रतिज्ञेत छापलेले असते.