तळ्याचा दिवस आणि तळ्याची रात्र : दोन बाटल्यांचा हिशेब



गावाच्या कडेला असलेल्या मत्स्यतळ्याचे पाणी हिरवेगार दिसू लागले की तळे सांभाळणाऱ्याला समाधान वाटते. हिरवा रंग सूक्ष्म शेवाळाचा असतो आणि शेवाळ हेच तळ्यातील अन्नसाखळीचे पहिले पायदान. पण अशाच एखाद्या हिरव्या तळ्यात पहाटेच्या वेळी कटला आणि रोहू पृष्ठभागाशी येऊन तोंडाची उघडझाप करू लागतात, आणि सूर्य वर येईपर्यंत काही मासे पोट वर करून तरंगतात. कोणी विष टाकल्याचा संशय घेतला जातो. वस्तुतः त्या पाण्यातील प्राणवायू रात्रीतून संपलेला असतो. दुपारी जे तळे सर्वाधिक प्राणवायू निर्माण करते, त्याच तळ्याला पहाटे त्याची सर्वाधिक टंचाई का भासावी, या प्रश्नाचे उत्तर काचेच्या दोन बाटल्यांनी मिळवता येते.

ही रीत नॉर्वेतील गार्डर आणि ग्रान या दोघांनी ऑस्लोच्या खाडीतील पाण्यावर वापरली आणि १९२७ साली प्रसिद्ध केली. तिच्यामागील कल्पना अतिशय साधी आहे. उजेडात शेवाळ प्रकाशसंश्लेषण करते आणि प्राणवायू सोडते. पण त्याच वेळी ते स्वतः, तसेच पाण्यातील जिवाणू आणि सूक्ष्म प्राणी श्वसन करून प्राणवायू वापरतही असतात. उघड्या तळ्यात ही जमा आणि हा खर्च एकमेकांत मिसळून जातात. एकाच पाण्याचे दोन भाग करून एक पारदर्शक बाटलीत आणि दुसरा प्रकाश मुळीच न शिरणाऱ्या बाटलीत ठेवला, तर काळ्या बाटलीत केवळ खर्च होतो आणि उजेडाच्या बाटलीत जमा व खर्च दोन्ही होतात. दोहोंतील अंतर म्हणजे शुद्ध जमा.

प्रत्यक्ष कामासाठी काचेचे घट्ट बूच असलेल्या ३०० मिलिलिटरच्या तीन बाटल्या लागतात. काळ्या बाटलीला आधी काळी चिकटपट्टी आणि तिच्यावर अॅल्युमिनियमचा वर्ख गुंडाळतात. बुचालाही वर्खाची टोपी घालावी लागते, कारण उजेड बहुधा तिथूनच शिरतो. हव्या त्या खोलीवरचे पाणी एकाच भांड्यात घेऊन नळीने तिन्ही बाटल्यांच्या तळाशी सोडतात आणि बाटलीच्या दुप्पट-तिप्पट पाणी वाहून जाऊ देतात, म्हणजे आतल्या हवेचा संपर्क उरत नाही. बूच लावल्यावर बुडबुडा राहता कामा नये. पहिल्या बाटलीतील प्राणवायू लगेच, तळ्याच्या काठावरच रसायनांनी बांधून टाकायचा असतो. ही आरंभीची बाटली. उरलेल्या दोन, जिथून पाणी घेतले त्याच खोलीवर दोरीने टांगतात. तरंगत्या पिंपाची किंवा नावेची सावली उजेडाच्या बाटलीवर पडू द्यायची नाही.

प्राणवायू मोजण्याची पद्धत हंगेरीतील रसायनशास्त्रज्ञ विंक्लर यांची, १८८८ सालची. बाटलीत मँगनीज सल्फेट आणि अझाइड मिसळलेले अल्कली आयोडाइड यांचे प्रत्येकी २ मिलिलिटर द्रावण सोडले की प्राणवायू असलेल्या पाण्यात तपकिरी साका धरतो. साका पांढराच राहिला, तर पाण्यात प्राणवायू जवळजवळ नाही असे समजावे. साका खाली बसल्यावर २ मिलिलिटर तीव्र सल्फ्युरिक आम्ल घातले की तो विरघळतो आणि जितका प्राणवायू होता तितक्या प्रमाणात आयोडीन मोकळे होऊन पाणी सोनेरी पिवळे होते. त्यातील २०३ मिलिलिटर पाणी घेऊन त्यावर ब्युरेटमधून ०.०२५ नॉर्मल सोडियम थायोसल्फेट सोडतात. रंग फिकट झाला की स्टार्च घालतात आणि निळा रंग नाहीसा होताच थांबतात. २०३ हा आकडा विचित्र वाटेल. पण सुरुवातीच्या दोन द्रावणांनी बाटलीतील ४ मिलिलिटर पाणी बाहेर ढकललेले असते, म्हणून मूळ पाण्याचे २०० मिलिलिटर हाती येण्यासाठी तेवढे जास्त घ्यावे लागते. या योजनेचा लाभ असा, की थायोसल्फेटचा प्रत्येक मिलिलिटर म्हणजे लिटरमागे एक मिलिग्रॅम प्राणवायू. ब्युरेटवरचा आकडा हेच उत्तर.

आता हिशेब. उदाहरणासाठी दीड मीटर खोल मत्स्यतळे घ्यावे आणि बाटल्या सकाळी १० ते दुपारी २ अशा चार तास टांगलेल्या आहेत असे धरावे. पृष्ठभागाजवळच्या आरंभीच्या बाटलीला ६.४ मिलिलिटर थायोसल्फेट लागले, उजेडाच्या बाटलीला ९.२ आणि काळ्या बाटलीला ५.६. म्हणजे प्राणवायू लिटरमागे अनुक्रमे ६.४, ९.२ आणि ५.६ मिलिग्रॅम.

श्वसन = ६.४ − ५.६ = ०.८
निव्वळ उत्पादन = ९.२ − ६.४ = २.८
सकल उत्पादन = ९.२ − ५.६ = ३.६

हे आकडे चार तासांचे आहेत. तासाचा दर काढला, तर सकल उत्पादन ०.९ आणि श्वसन ०.२ मिलिग्रॅम प्रति लिटर येते. सकल उत्पादनाच्या वजाबाकीत आरंभीचा आकडा येतच नाही, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. काठावर घाई होऊन आरंभीची बाटली बिघडली, तरी सकल उत्पादन हाती राहते. मात्र ते निव्वळ किती आणि श्वसन किती हे सांगता येत नाही. उत्पादन कार्बनच्या रूपात हवे असेल, तर प्राणवायूच्या वजनाला १२/३२ ने गुणतात आणि १.२ ने भागतात. कारण शेवाळ बांधलेल्या कार्बनच्या मानाने थोडा अधिक प्राणवायू सोडते. ३.६ मिलिग्रॅम प्राणवायूचे असे सुमारे १.१ मिलिग्रॅम कार्बन होतात.

इथवर तळे सुस्थितीत दिसते. चार तासांत साडेचार पट जमा, एक पट खर्च. अनेक प्रयोगवह्या इथेच बंद होतात आणि नेमकी तिथेच चूक होते. ही वरच्या थराची, भर दुपारची गोष्ट आहे. हिरव्या पाण्यात शेवाळ स्वतःच उजेड अडवते. जितके ते दाट, तितका खालचा थर काळोखात. म्हणून बाटल्यांचे संच अर्धा मीटर, एक मीटर आणि तळाशीही टांगावे लागतात, प्रत्येक खोलीचा स्वतःचा आरंभ धरून. समजा, सकल उत्पादन वरच्या थरात ३.६, अर्ध्या मीटरवर २.४, एक मीटरवर ०.६ आणि दीड मीटरवर शून्य आले. लिटरमागे मिलिग्रॅम म्हणजेच घनमीटरमागे ग्रॅम. लागोपाठच्या दोन खोल्यांची सरासरी घेऊन तिला मधल्या अर्ध्या मीटरने गुणले, तर १.५, ०.७५ आणि ०.१५ असे तीन थर मिळतात; एकूण २.४ ग्रॅम प्राणवायू, तळ्याच्या प्रत्येक चौरस मीटरमागे.

हे चार तासांचे झाले. सूर्य ६ ला उगवून ६ ला मावळतो असे धरले, तर निरभ्र दिवसाचा साधारण अर्धा प्रकाश १० ते २ या वेळात पडतो. त्यामुळे दिवसाचे उत्पादन ढोबळमानाने दुप्पट, म्हणजे ४.८ ग्रॅम. खर्च मात्र सूर्य पाहत नाही. काळ्या बाटल्यांनी सर्व खोल्यांवर तासाला ०.२ इतकेच श्वसन दाखवले असेल, तर २४ तासांत घनमीटरमागे ४.८ आणि दीड मीटर खोलीला ७.२ ग्रॅम. वरच्या बाटलीत नफ्यात असलेले तळे पूर्ण दिवसाच्या हिशेबात चौरस मीटरमागे २.४ ग्रॅम तोट्यात आहे. ही तूट काही अंशी हवेतून विरघळणाऱ्या प्राणवायूने भरून निघते. आणि उत्पादनापेक्षा श्वसन अधिक, याचा अर्थ तळ्यात बाहेरून सेंद्रिय द्रव्य येत आहे: शेणखत, माशांचे खाद्य, सांडपाणी. कोलकात्याच्या पूर्वेकडील मत्स्यतळ्यांत तर शहराचे सांडपाणी मुद्दाम सोडतात. तिथे किती पाणी आत घ्यावे हा सारा खेळ शेवाळाची जमा आणि कुजण्याचा खर्च यांच्यातील तोलाचा असतो.

बाटल्या फसवतातही. उजेडाच्या बाटलीत बुडबुडे दिसले, तर पाणी प्राणवायूने अतिसंपृक्त होऊन काही वायू बाहेर पडला आहे. तो अनुमापनात पुरता सापडत नाही आणि उत्पादन कमी भासते. यावर उपाय वेळ कमी करण्याचा: दाट हिरव्या पाण्यात दोन तासही पुरतात. उलट, बाटली दिवसभर टांगली तर काचेच्या भिंतीवर जिवाणू वाढून श्वसन फुगते. काळ्या बाटलीत आरंभापेक्षा अधिक प्राणवायू आला, तर तो आकडा अशक्य कोटीतला आहे. वर्खाला चीर असते, भरताना हवा शिरलेली असते किंवा आरंभीची बाटली बांधायला उशीर झालेला असतो. ती वजाबाकी उणे चिन्ह लावून वहीत उतरवण्यापेक्षा प्रयोग पुन्हा करणे बरे. प्रत्येक जोडी दुहेरी ठेवली, तर अशी गफलत लगेच उघडी पडते. स्वच्छ, निळ्या सरोवरात मात्र दोन बाटल्यांतील अंतरच अनुमापनाच्या चुकीएवढे लहान असते. तिथे ही रीत चालत नाही. म्हणूनच १९५२ साली डेन्मार्कच्या स्टीमन निल्सन यांनी किरणोत्सारी कार्बनची पद्धत पुढे आणली.

सर्वांत मोठी मर्यादा मात्र बाटलीच्या आकारातच आहे. तिच्यात तळाचा गाळ नसतो आणि मासेही नसतात. उदाहरणातल्या तळ्यात सायंकाळी ६ वाजता सरासरी प्राणवायू ६.० आहे असे समजावे. काळ्या बाटलीच्या दराने बारा तासांत २.४ खर्च होऊन पहाटे ३.६ उरायला हवा. मासे तेवढ्यात तग धरतात. निरीक्षकाने पहाटे ६ वाजता प्रत्यक्ष मोजले आणि १.५ निघाला, तर मधला २.१ चा फरक गाळाने आणि माशांनी घेतलेला आहे. खरा खर्च त्याहूनही अधिक असणार, कारण रात्रभर हवेतून थोडा प्राणवायू पाण्यात येत होता. आदल्या दिवशी ढग दाटून उत्पादन निम्म्यावर आले असते, तर सायंकाळचा आरंभच ६.० पेक्षा खाली असता, तो ४.५ वर आला, की याच खर्चाने पहाटेचा आकडा शून्याला टेकतो. म्हणून ढगाळ दिवशी तळ्यात खाद्य व शेणखत टाकणे थांबवतात, आणि पंप किंवा वायुमिश्रक असेल तर तो मासे वर येऊ लागण्याची वाट न पाहता मध्यरात्रीनंतरच सुरू करतात.