साहेब व्हरांड्यात भेटतात तेव्हा

आकाशवाणीने आज दिलेला विषय नोकरी करणाऱ्या प्रत्येकाच्या ओळखीचा आहे. कार्यालयातले मोठे साहेब किंवा मॅडम लिफ्टमध्ये, नाहीतर व्हरांड्यात अचानक समोर येतात. तेव्हा काय बोलावं, आणि ते पाठ केल्यासारखं किंवा लाळघोटं वाटू नये म्हणून काय करावं?

आधी वेळ किती मिळतो ते पाहू. चार मजल्यांच्या लिफ्टचा प्रवास दारं उघडण्या-मिटण्यासकट अर्ध्या मिनिटाच्या आसपास संपतो. सोलापुरातल्या इंद्रभुवनसारख्या जुन्या इमारतींत गाठ पडते ती जिन्यात नाहीतर व्हरांड्यात. तिथे चालता चालता मिळणारा वेळही फार तर तेवढाच. म्हणजे दोघांची मिळून चार वाक्यं. हुतात्मा एक्सप्रेसने पुण्याला जाऊन उंच इमारतींत नोकरी करणाऱ्या सोलापूरच्या मुलामुलींना फार तर आणखी दोन वाक्यं मिळतील.

या चार वाक्यांतलं पहिलं बहुतेकदा साहेबांचं असतं. कर्मचाऱ्याने नमस्कार करायचा, साहेब म्हणतात, "काय, कसं चाललंय?" पुढचं वाक्य कर्मचाऱ्याचं, आणि सगळी गडबड होते ती याच दुसऱ्या वाक्यात. पहिल्या वाक्याची तयारी करून येणारे पुष्कळ असतात. पण पहिलं वाक्य त्यांच्या वाट्याला येतच नाही, आणि मग पाठ केलेलं वाक्य दुसऱ्या जागी कोंबलं जातं. साहेब विचारतात एक आणि उत्तर येतं भलतंच. पाठांतर उघडं पडतं ते इथे.

एक उदाहरण घेऊ. समजा, सोलापूर रेल्वे विभागाच्या कार्यालयात आषाढीचे दिवस आहेत. पंढरपूर याच विभागात येतं, त्यामुळे एकादशीच्या आधी जादा गाड्या आणि वारकऱ्यांची गर्दी हाच तिथल्या टेबलांवरचा विषय. वाणिज्य शाखेतला एक कारकून व्हरांड्यातून निघालाय. समोरून वरिष्ठ अधिकारी येतात आणि विचारतात, "काय, कसं चाललंय?"

एक कारकून म्हणेल, "आपल्या कृपेने सगळं छान चाललंय, साहेब." यात माहिती काहीच नाही. साहेबांना हसण्याखेरीज करण्यासारखं काही उरत नाही. दुसरा कारकून जादा गाड्यांचं वेळापत्रक, आलेली पत्रं, न आलेली पत्रं सगळं सांगू लागेल आणि साहेब घड्याळ पाहतील. तिसरा म्हणेल, "बरं चाललंय, साहेब. पंढरपूरच्या जादा तिकीट खिडक्यांची यादी काल पूर्ण झाली. तिथे माणसं कुठून द्यायची ते ठरतंय." साहेब विचारतील, "मागच्या वर्षी कुर्डुवाडीहून दिली होती ना?" "हो साहेब, यंदाही तिथेच विचारलंय." "बरं, बघा." "हो, साहेब." आणि दोघं आपापल्या वाटेने जातील.

या तिसऱ्या उत्तरापाशी जरा थांबू. त्यात एक पूर्ण झालेली गोष्ट आहे, एक चालू असलेली गोष्ट आहे आणि दोन्ही त्या माणसाच्या स्वतःच्या टेबलावरच्या आहेत. म्हणून त्या सांगताना आठवावं लागत नाही. काल हातून गेलेली यादी कोणी पाठ करत नाही. साहेबांनाही त्यात पुढे विचारण्यासारखं काही सापडतं, कारण खिडक्या, माणसं, कुर्डुवाडी ही नावं ठोस आहेत. पुन्हा सांगायचं तर, एक झालेलं आणि एक चाललेलं. सकाळी टेबलावर बसताना एवढं डोक्यात असलं की तयारी झाली. वाक्य तयार करायचं नाही, काम माहीत असू द्यायचं.

चाललेली गोष्ट सांगताना एक पथ्य मात्र पाळायला हवं. "माणसं मिळत नाहीत, साहेब, आमच्याकडे कोणी लक्षच देत नाही" असं म्हटलं की ती मधल्या कार्यालय अधीक्षकाविरुद्धची तक्रार होते. संध्याकाळपर्यंत त्याला विचारणा होते आणि दुसऱ्या दिवशीपासून कारकुनाचं जगणं अवघड होतं. तक्रार केली नसली तरी टेबलावर परतल्यावर अधीक्षकाला लगेच सांगावं, "साहेब भेटले होते, खिडक्यांचं विचारलं, मी यादी झाल्याचं सांगितलं." हे एक वाक्य फार कमी लोक बोलतात, आणि बोलायला हवं.

आता लाळघोटेपणाकडे वळू. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडवर्ड जोन्स यांनी १९६४ साली या विषयावर आख्खं पुस्तक लिहिलं. त्यांनी दाखवलेली अडचण अशी: ज्याच्या हातात आपलं काही अडकलेलं असतं त्याची स्तुती करावीशी वाटते, पण नेमकी त्याच वेळी ती स्तुती संशयास्पद ठरते. बढतीच्या महिन्यात केलेलं कौतुक साहेबांना ऐकू येतं ते बढतीचा अर्ज म्हणूनच. म्हणून "कालचं भाषण अप्रतिम झालं" असं म्हणण्याऐवजी, खरंच काही उपयोगी पडलं असेल तर तेवढंच सांगावं. "बैठक सकाळी घेतलीत, साहेब, त्यामुळे बार्शीहून येणाऱ्यांना परतीची गाडी मिळाली." ही स्तुती नाही, घडलेल्या परिणामाची माहिती आहे. तसं काही घडलं नसेल तर कौतुकाची गरजच नाही.

नेदरलँड्समधल्या रूस वोंक यांनी १९९८ साली आणखी एक गोष्ट प्रयोगातून मांडली. वरच्यांशी गोड आणि खालच्यांशी उर्मट वागणारा माणूस पाहणाऱ्यांना विशेष नावडता होतो. आपल्या कार्यालयात हे रोज दिसतं. लिफ्टमध्ये शिपाई असतो, सफाई करणाऱ्या मावशी असतात. त्यांना ओलांडून थेट साहेबांना वाकून नमस्कार करणारा सगळ्यांच्या लक्षात राहतो, साहेबांच्यासुद्धा. सगळ्यांना सारख्याच आवाजात नमस्कार करावा.

आणि बदल्यांचं काय? राज्य सरकारी कर्मचाऱ्यांच्या बदल्या २००५ च्या कायद्यानुसार एरवी एप्रिल-मे महिन्यांत होतात. त्या दिवसांत व्हरांड्यात साहेबांना गाठून "माझं तेवढं बघा" म्हणणाऱ्यांची रांग लागते. हे सोडा, श्रोतेहो. व्हरांड्यात साहेब काही ठरवू शकत नाहीत, पाच माणसं ऐकत असतात, आणि अर्ज द्यायला रीतसर जागा आहे. ज्याने व्हरांड्यात बदली मागितली, त्याच्याशी पुढच्या वेळी साहेब थांबून बोलत नाहीत.

गप्प राहायला हरकत आहे का? मुळीच नाही. साहेब फोनवर असतील, कागद वाचत असतील, लिफ्टच्या आकड्यांकडे पाहत असतील, तर नमस्कार पुरेसा. मे महिन्यात सोलापुरात "ऊन फार आहे" एवढंही चालतं. ते दोन वाक्यांत संपलं की संपू द्यावं.

वेळ संपत आला आहे, तेव्हा मोबाइलबद्दल एवढंच. लिफ्टमध्ये शिरताच मान खाली घालून पडद्यावर बोट फिरवणाऱ्याला साहेब काही विचारत नाहीत, शेजारचाही विचारत नाही. उद्या कार्यालयात जाल तेव्हा लिफ्टच्या दारात मोबाइल खिशात ठेवा आणि आत जो कोणी असेल त्याला नमस्कार करा.