ठेका आणि पाऊल

धावताना कानात गाणं असलं की पाऊल नकळत त्याच्या ठेक्यावर पडू लागतं. म्हणून गाणी निवडण्याआधी आपली पावलं मोजावीत. दहा मिनिटं सहज धावून अंग गरम झालं, की घड्याळ लावून तीस सेकंद दोन्ही पायांची पावलं मोजा. समजा ८२ भरली, म्हणजे मिनिटाला १६४. आता मिनिटाला १६४ ठोक्यांचं गाणं प्रत्येक पावलाला ठोका देईल, आणि ८२ ठोक्यांचं गाणं फक्त एका पायाला. दोन्ही चालतात. अ‍ॅप कधी कधी गाण्याचा वेग निम्मा किंवा दुप्पट दाखवतं, तेव्हा टाळी वाजवून खात्री करावी.

पावलं जलद पडली म्हणजे वेग वाढलाच असं मात्र नाही. आपल्या या धावपटूचं पाऊल एक मीटरचं धरू. मिनिटाला १६४ मीटर, म्हणजे किलोमीटरला सहा मिनिटं सहा सेकंद. त्याला १७० ठोक्यांचं गाणं दिलं आणि पाऊल तेवढंच लांब राहिलं, तर किलोमीटर पाच मिनिटं त्रेपन्न सेकंदांत होईल. पण पुष्कळदा पाऊल आखूड होतं आणि वेग होता तिथेच राहतो. फरक ओळखायचा तर ट्रॅकवर दोन्ही गाण्यांवर एकेक फेरी मारून वेळ पाहावी. वेळ तीच आली, तर फक्त पावलांची लय बदलली. फेरी लवकर संपली आणि सलग बोलणं जड जाऊ लागलं, तर श्रमही वाढले. सहज धावण्याच्या दिवशी असं झालं, तर ते गाणं त्या दिवसाचं नव्हे. एकदम दहा ठोक्यांनी उडी घेऊ नये. तीन-चार ठोके वाढवून पाहावेत.

लिव्हरपूलच्या संशोधकांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग मला फार बोलका वाटतो. सायकल चालवणाऱ्या बारा तरुणांना त्यांनी तीच गाणी कधी मूळ वेगात, कधी दहा टक्के जलद, कधी दहा टक्के संथ ऐकवली. बदल केल्याचं त्यांना सांगितलं नव्हतं. जलद गाण्यांवर त्यांनी जास्त अंतर कापलं, संथ गाण्यांवर कमी. जलद गाण्यांनी श्रम हलके झाले नव्हते. उलट ते थोडे जास्तच जाणवले. तरीही तरुणांनी ते आपणहून केले, आणि गाणीही त्यांना अधिक आवडली.

मध्यम वेगात संगीत थकव्यावरचं लक्ष दुसरीकडे वळवतं. चढावर किंवा शेवटच्या जोराच्या फेरीत धाप लागली, की शरीराच्या हाकांपुढे गाणं मागे पडतं. तिथे ठेका गाठण्याचा हट्ट सोडून पाऊल श्वासावर टाकावं, आणि सपाटी आली की पुन्हा गाण्याला धरावं.